भुलेआधीचा फॉर्म : चार रकाने, आणि ते नीट भरण्याची रीत

नागपुरात हुडकेश्वर रोड, मानेवाडा, म्हाळगीनगर या पट्ट्यात लहान लहान रुग्णालयं भरपूर आहेत. हर्निया, मूळव्याध, हायड्रोसील, स्तनातली गाठ, गर्भाशयाची सफाई, लहान मुलांची छोटी ऑपरेशनं ही सगळी कामं तिथे ‘डे-केअर’मध्ये होतात. पेशंट सकाळी येतो आणि संध्याकाळी घरी जातो. सर्जन बहुतेक वेळा त्याच रुग्णालयाचा असतो. भूलतज्ज्ञ मात्र बाहेरून येतात आणि एका सकाळी दोन-तीन रुग्णालयं करतात. त्यामुळे अनेकदा पेशंटची आणि त्यांची पहिली भेट थेट ऑपरेशनच्या सकाळी होते. तेव्हा हाताशी वेळ थोडा असतो, आणि बऱ्याच गोष्टी दुरुस्त करण्याची मुदतही टळलेली असते.

मी भूलतज्ज्ञ आहे, आणि हा लेख त्या भेटीच्या आधी भरायच्या एका कागदाविषयी आहे. रुग्णालयात त्याला पीएसी म्हणतात, म्हणजे भुलेआधीची तपासणी. फॉर्म एक-दोन पानांचा असतो. त्यात नाव, वय, वजन, रक्ताचे रिपोर्ट असं बरंच काही असतं, पण भूल कशी द्यायची हे मुख्यतः चार रकान्यांवरून ठरतं. ते चार म्हणजे श्वासमार्ग, अ‍ॅलर्जी, उपाशीपोटाची वेळ आणि नेहमीची औषधं. हे रकाने डॉक्टर भरतात, पण त्यातली निम्मी माहिती तुमच्याकडूनच यायची असते.

‘फिटनेस’ वेगळा, ही तपासणी वेगळी

आपल्याकडे ऑपरेशन ठरलं की पेशंटला सांगतात, “फिजिशियनचा फिटनेस घेऊन या.” फिजिशियन छाती तपासतात, ईसीजी बघतात, शुगर-बीपी पाहतात आणि ‘फिट’ असं लिहून देतात. ते काम आवश्यकच आहे. पण तोंड किती उघडतं, मान मागे किती वळते, दात हलतो का, हे त्यात सहसा कुणी बघत नाही, कारण तो फिजिशियनचा विषय नाही. हृदय ठणठणीत असलेल्या माणसाच्या घशात नळी जाणार नाही, असं होऊ शकतं. म्हणून फिटनेस मिळाला तरी भूलतज्ज्ञांची तपासणी राहिलेलीच असते. सर्जनने तारीख दिली त्याच दिवशी विचारा, “भुलेच्या डॉक्टरांची तपासणी कधी?” ती ऑपरेशनच्या निदान आठवडाभर आधी व्हावी. आठवडा का, ते औषधांच्या रकान्यात कळेल.

एक उदाहरण घेऊ

समजा, हुडकेश्वरचे ४८ वर्षांचे एक दुकानदार आहेत. उजव्या बाजूला हर्निया आहे आणि दुर्बिणीने जाळी बसवायचं ठरलं आहे. शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू आहेत, वीस वर्षांपासून खर्रा खातात. फिटनेस मिळालेला आहे. त्यांचा फॉर्म असा भरलेला आहे :

श्वासमार्ग : नॉर्मल.
अ‍ॅलर्जी : नाही.
उपाशी : हो.
औषधं : बीपी, शुगर.

या चारही ओळी कुणी खोटेपणाने लिहिलेल्या नाहीत. घाईत विचारलं, घाईत उत्तर दिलं आणि तसंच उतरवलं. पण या ओळींवरून भूलतज्ज्ञाला एकही निर्णय घेता येत नाही. हेच चार रकाने आता एकेक करून पुन्हा भरू.

पहिला रकाना : श्वासमार्ग

पूर्ण भूल दिली की माणसाचा स्वतःचा श्वास मंदावतो किंवा थांबतो. मग भूलतज्ज्ञ तोंडातून श्वासनळीत नळी घालून किंवा घशात मास्क बसवून श्वास चालू ठेवतात. त्यासाठी तोंड उघडावं लागतं, जीभ बाजूला सारावी लागते आणि मान थोडी मागे न्यावी लागते. यातलं काय सहज होईल आणि काय अवघड जाईल, ते जागेपणीच पाहून ठेवायचं असतं. या रकान्यात तीन-चार मोजमापं येतात.

पहिलं म्हणजे तोंड किती उघडतं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजतात. मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ५० मिलिमीटर असतं. घरी पाहायचं तर स्वतःची तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका एकत्र जुळवून उभी तोंडात घालायची. तिन्ही बोटं सहज गेली तर ठीक. दोनच गेली तर डॉक्टरांना सांगायचं. एकच गेलं तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच सांगायचं.

दुसरं मोजमाप मल्लमपटी श्रेणीचं. मूळचे भारतीय असलेले आणि अमेरिकेत बोस्टनला काम करणारे भूलतज्ज्ञ शेषगिरी मल्लमपटी यांनी १९८५ मध्ये ते मांडलं, आणि आज ते जगभर वापरतात. पेशंटला सरळ बसवून तोंड पूर्ण उघडायला आणि जीभ बाहेर काढायला सांगतात. ‘आ’ करायचं नसतं, कारण आवाज काढला की पडजीभ वर जाते आणि घसा आहे त्यापेक्षा मोकळा दिसतो. पडजीभ आणि मागचा घसा स्पष्ट दिसला तर श्रेणी एक, फक्त टाळूचा पुढचा कठीण भाग दिसला तर श्रेणी चार. तिसरं, हनुवटीपासून कंठमण्यापर्यंतचं अंतर आणि मान मागे किती जाते ते. आणि शेवटी दात : कवळी आहे का, कुठला दात हलतो आहे का. मुलांच्या बाबतीत पडायला आलेला दुधाचा दात नक्की दाखवा, कारण तो सुटून श्वासनळीत जाऊ शकतो. मोठ्याने घोरण्याची आणि झोपेत श्वास अडकण्याची सवयही याच रकान्यात लिहायची. ती पेशंटला ठाऊक नसते, घरच्यांना असते.

नागपूरकरांनी या रकान्याकडे जास्त लक्ष द्यायचं कारण म्हणजे खर्रा. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून केलेला खर्रा विदर्भात पानठेल्यांवर सर्रास मिळत राहिला. त्यातल्या सुपारीमुळे गालाच्या आतलं मऊ अस्तर हळूहळू कडक होतं आणि त्यात दोरीसारखे घट्ट पट्टे तयार होतात. आधी तिखट सोसेनासं होतं, तोंडाची आग होते. मग गालाची आतली बाजू पांढुरकी दिसू लागते. पुढे गाल फुगवता येत नाहीत, शिट्टी वाजत नाही, जीभ पूर्ण बाहेर येत नाही. पाणीपुरी तोंडात जात नाही म्हणून फोडून खावी लागते. हे इतक्या सावकाश होतं की माणूस घास लहान करत जातो आणि त्याला आपलं तोंड कमी उघडतं याचा पत्ताच लागत नाही. “तोंड उघडायला त्रास आहे का?” असं विचारलं तर तो अगदी मनापासून “नाही” म्हणतो. म्हणून हा प्रश्न नुसता विचारून भागत नाही, मोजावंच लागतं.

यातली खरी अडचण अशी आहे. दाढेच्या दुखण्याने किंवा सुजेने जबडा आखडला असेल, तर भूल दिल्यावर आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्यावर तो बऱ्याचदा सुटतो. खर्ऱ्याने आखडलेलं तोंड सुटत नाही, कारण तिथे स्नायू आवळलेला नसतो, अस्तरच कडक झालेलं असतं. जागेपणी दोन सेंटिमीटर उघडणारं तोंड भुलेखालीही तेवढंच उघडतं. तेवढ्या फटीतून नेहमीचं उपकरण घालून नळी बसवणं फार अवघड, आणि घशातला मास्कही नीट जात नाही. अशा माणसाचा श्वास औषधाने थांबवला आणि मग नळी गेली नाही, तर मेंदूला प्राणवायू पुरवायला काही मिनिटंच हाती असतात. याउलट ही गोष्ट आधी कळली असेल तर सुरक्षित वाट आहे. पेशंट जागा असतानाच नाक आणि घसा औषधाने बधिर करून बारीक, वाकणाऱ्या दुर्बिणीवरून नाकावाटे नळी घालतात आणि त्यानंतरच झोपवतात. पण ती दुर्बीण आणि ती सराईतपणे वापरणारा हात प्रत्येक लहान रुग्णालयात नसतो. म्हणून ऑपरेशन कुठे करायचं हा निर्णय या रकान्यातून निघतो.

आपल्या दुकानदारांच्या तोंडात एकच बोट गेलं, दुसरं अडलं. पट्टीने मोजलं तर अंतर २२ मिलिमीटर. ‘नॉर्मल’च्या जागी आता ओळ अशी झाली : “तोंड २२ मिमी उघडतं, दोन्ही गालांत कडक पट्टे, खर्रा २० वर्षं, मल्लमपटी ४, मान मागे नीट जाते, दात घट्ट, कवळी नाही.”

दुसरा रकाना : अ‍ॅलर्जी

इथे ‘नाही’ हे उत्तर सगळ्यांत सहज येतं, कारण अ‍ॅलर्जी म्हटलं की लोकांना धूळ नाहीतर वांगं आठवतं. प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारला की उत्तर बदलतं. आपल्या दुकानदारांना विचारलं, “काका, आजवर कुठलं इंजेक्शन किंवा गोळी घेतल्यावर अंगावर काही उठलं का? ओठ, डोळे सुजले का? दम लागला का?” ते म्हणाले, “हो, एकदा कंबर दुखत होती तेव्हा इंजेक्शन दिलं होतं. ते मानवलं नाही. अर्ध्या तासात अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजला.” घरी जुनी चिठ्ठी सापडली. ते डायक्लोफेनॅक होतं.

या रकान्यात चार गोष्टी हव्यात : औषधाचं नाव, काय झालं, किती वेळात झालं आणि त्यावर काय उपचार करावा लागला. गांधी, सूज, दम, चक्कर येऊन बीपी उतरणं हे थोड्याच वेळात झालं असेल तर ती खरी अ‍ॅलर्जी धरतात. एखाद्या अँटिबायोटिकने जुलाब झाले किंवा पेनकिलरने छातीत जळजळ झाली, तर तो दुष्परिणाम. तोही लिहायचा, पण वेगळा. फरक लिहून ठेवला नाही तर दोन्हीकडून नुकसान होतं : एक तर उपयोगी औषध विनाकारण टाळलं जातं, नाहीतर घातक औषध पुन्हा दिलं जातं.

डायक्लोफेनॅकची ओळ भूलतज्ज्ञाला महत्त्वाची, कारण डे-केअरमध्ये संध्याकाळी घरी पाठवताना वेदनेसाठी बहुधा त्याच जातीची गोळी लिहिली जाते. ज्यांना डायक्लोफेनॅकने ओठ सुजला, त्यांना आयबुप्रोफेन किंवा केटोरोलॅकनेही तसंच होऊ शकतं. त्यामुळे वेदनेची सोय आधीच वेगळी करायची : जखमेजवळ बधिरतेचं औषध आणि घरी पॅरासिटामॉल.

‘टेस्ट डोस’विषयीही एक गैरसमज आहे. हातावर औषधाचा थेंबभर टोचून फुगवटा आला नाही, म्हणजे अ‍ॅलर्जी नाही, असं अनेकांना वाटतं. ही टोचणी निर्धास्त होण्याइतकी भरवशाची नाही. पूर्वी काय झालं होतं याची तुमची नीट सांगितलेली हकिगत तिच्यापेक्षा जास्त उपयोगी पडते. तसंच फुगा फुगवताना किंवा दातांच्या डॉक्टरांनी रबरी हातमोजे घालून तपासल्यावर ओठ सुजले असतील, तर तेही सांगा. मग रबराचे हातमोजे आणि नळ्या टाळता येतात. आणि घरातल्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाला भुलेतून बाहेर यायला फार वेळ लागला असेल, किंवा भुलेखाली अचानक खूप ताप चढला असेल, तर ती माहितीही इथेच लिहायची. हे दोन्ही प्रकार घराण्यात उतरू शकतात.

तिसरा रकाना : उपाशीपोट

जागेपणी पाणी चुकीच्या वाटेने गेलं तर आपल्याला ठसका लागतो. भुलेखाली तो ठसका नसतो. पोटात अन्न असेल तर ते वर येऊन फुफ्फुसात उतरू शकतं. न्यूयॉर्कचे डॉक्टर कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ मध्ये बाळंतिणींमधल्या अशा घटनांचा अभ्यास मांडला, तेव्हापासून उपाशी ठेवण्याला शिस्त आली. आज सर्वत्र पाळले जाणारे आकडे असे आहेत : साधं पाणी २ तास आधीपर्यंत, आईचं दूध ४ तास, वरचं दूध आणि हलकं जेवण ६ तास, तेलकट, तळलेलं किंवा मांसाहारी जेवण ८ तास.

चुका कुठे होतात? पहिली चहात. “काही खाल्लं नाही, फक्त चहा घेतला” हे वाक्य जवळजवळ रोज ऐकू येतं. आपल्या चहात दूध भरपूर असतं, आणि दूध पोटात गेलं की घट्ट होऊन बराच वेळ राहतं. म्हणून दुधाचा चहा ६ तासांच्या हिशेबात धरायचा. ताक, दूध घातलेली कॉफी यांचंही तेच. संत्र्याच्या रसात गर असतो, म्हणून तोही पाण्यात मोजायचा नाही. कोरा चहा आणि शहाळ्याचं मलई नसलेलं पाणी मात्र २ तासांत बसतं. दुसरी चूक आदल्या रात्रीच्या जेवणात. सकाळी आठचं ऑपरेशन असेल आणि रात्री अकराला सावजीचं तर्रीदार मटण झालं असेल, तर घड्याळात नऊ तास भरतात खरे, पण तेवढं तेल सगळ्यांचंच पोट तेवढ्यात उतरवत नाही. ज्यांना जुनी शुगर आहे त्यांचं पोट तर आणखी सावकाश रिकामं होतं. वजन किंवा शुगर कमी करण्यासाठी सेमाग्लुटाइडसारखं औषध चालू असेल तर तेही पोट मंद करतं. म्हणून आदल्या रात्री आठ-नऊपर्यंत वरण-भात, पोळी-भाजी असं साधं जेवण घ्यावं.

तिसरी चूक नेमकी उलट आहे. “रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही” असं सांगितलं जातं, आणि ऑपरेशन दुपारी एकला होतं. नागपूरच्या मे महिन्यात तेरा तास कोरडं राहिलं तर माणूस सुकून जातो, शीर सापडत नाही, आणि मणक्यात इंजेक्शन दिल्यावर बीपी जास्त उतरतं. विदर्भात सिकलसेलची घरं पुष्कळ आहेत, आणि त्या पेशंटला पाण्याची कमतरता तर फारच महागात पडते. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकून अडकतात आणि तीव्र वेदनांचा झटका येऊ शकतो. थंडी आणि प्राणवायूची कमतरताही त्याला कारण ठरते. म्हणून घरात कुणाला ‘एएस’ किंवा ‘एसएस’ पॅटर्न असेल तर फॉर्मवर ठळक लिहायला लावा. ‘एसएस’ असेल तर त्याच दिवशी घरी सोडायचं की दाखल ठेवायचं, याचा आधीच विचार करावा लागतो.

खर्रा त्या सकाळी पूर्ण बंद. सुपारीचे कण दातांच्या फटीत आणि गालात राहतात, आणि नळी घालताना ते मागे सरकू शकतात. तंबाखूने नाडी आणि बीपी वाढतं ते वेगळंच. रात्री चूळ भरून, दात घासून झोपायचं आणि त्यानंतर तोंडात काही टाकायचं नाही.

फॉर्मवर ‘उपाशी : हो’ याऐवजी घड्याळाची वेळ हवी. आपल्या दुकानदारांना शुगर आहे, म्हणून यादीत त्यांचा पहिला नंबर लावला, साडेआठची वेळ. त्यांची ओळ अशी झाली : “शेवटचं जेवण बुधवारी रात्री ८.३०, वरण-भात. शेवटचं पाणी गुरुवारी सकाळी ६.१५, एक पेला. चहा नाही. खर्रा बुधवारी रात्रीपासून नाही.”

चौथा रकाना : नेहमीची औषधं

या रकान्यासाठी एकच काम करा. घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून घेऊन या. ‘बीपीची पांढरी, शुगरची गुलाबी’ यावरून काही कळत नाही, कारण एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात. आपल्या दुकानदारांच्या पाकिटांवर वाचलं तर शुगरची गोळी निघाली डापाग्लिफ्लोझिन आणि मेटफॉर्मिनची, आणि बीपीची टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिनची.

डापाग्लिफ्लोझिन आणि त्याच्या जातीचं एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. आता ती स्वस्त झाली आहेत आणि बऱ्याच जणांना चालू असतात. उपाशी राहणं आणि ऑपरेशनचा ताण यात ती घेतलेली असतील तर रक्तात आम्ल साठू शकतं. घातक बाब अशी की त्या वेळी ग्लुकोमीटरवर शुगर जवळजवळ ठीकच दिसते. डे-केअरचा पेशंट संध्याकाळी घरी गेलेला असतो. रात्री उलट्या होतात, पोट दुखतं, धाप लागते. घरचे शुगर बघतात, ती १६० येते, आणि “भुलेमुळे होत असेल” म्हणून सकाळची वाट बघतात. ही वाट बघायची नाही. ही गोळी ऑपरेशनच्या तीन दिवस आधी थांबवायची असते. त्या तीन दिवसांत शुगर कशी सांभाळायची ते फिजिशियनने लिहून द्यायचं. तपासणी आठवडाभर आधी हवी ती यासाठी. गोळी चुकून घेतली गेली असेल तर लपवू नका. ऑपरेशन दोन-तीन दिवस पुढे ढकलणं किंवा रक्तातले कीटोन तपासणं हे सोपे उपाय आहेत.

मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या उपाशी सकाळी घेत नाहीत. इन्सुलिन किती कमी करायचं ते डॉक्टर आकड्यात लिहून देतात. ते तोंडी ऐकून घरी जाऊ नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल ही औषधं त्या सकाळी घेतली तर भुलेखाली बीपी फार उतरू शकतं, म्हणून ती साधारण २४ तास आधी थांबवण्याची पद्धत आहे. मेटोप्रोलॉल, अ‍ॅटेनोलॉल यांचं उलट. ती अचानक सोडली तर हृदयावर ताण येतो, म्हणून त्या सकाळीही घोटभर पाण्याबरोबर घ्यायची. थायरॉइडची, फिटची गोळी आणि दम्याचा पंपही चालू ठेवायचा, आणि पंप सोबत आणायचा.

रक्त पातळ करणाऱ्या औषधांत स्वतःच्या मनाने काही करू नका. क्लोपिडोग्रेल साधारण पाच ते सात दिवस, वॉरफरिन साधारण पाच दिवस आधी थांबवायचा विचार होतो. पण हृदयात स्टेंट असेल तर ते थांबवणं ऑपरेशनपेक्षा धोक्याचं ठरू शकतं. हा निर्णय सर्जन, हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून घेतात.

‘औषध’ म्हणून लोक जे मोजत नाहीत तेही सांगा. गुडघेदुखीवर कुणी दिलेली पुडी घेतल्यावर दोन दिवसांत आराम पडत असेल, तर तिच्यात स्टेरॉइड असण्याची शक्यता असते. महिनोन्महिने ती घेतली की शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड तयार होणं मंदावतं, आणि ऑपरेशनच्या वेळी बीपी सांभाळत नाही. भूलतज्ज्ञाला माहीत असेल तर ते इंजेक्शनने ती उणीव भरून काढतात. झोपेसाठी घेतलेली अश्वगंधा, रोजची दारू, गांजा हेही इथेच लिहायचं. हा कागद पोलिसांचा नाही. आत जाताना नातेवाइकांसमोर बोलायची लाज वाटत असेल तर डॉक्टरांना एकट्याने भेटायला सांगा.

दुकानदारांच्या फॉर्मची चौथी ओळ आता अशी झाली : “डापाग्लिफ्लोझिन-मेटफॉर्मिन सोमवारपासून बंद, शुगरसाठी फिजिशियनने पर्याय दिला. टेल्मिसार्टन-अ‍ॅम्लोडिपिनची एकत्र गोळी बुधवारपासून बंद, त्याऐवजी नुसती अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम गुरुवारी सकाळी. पुडी, दारू नाही.”

चार ओळींनी काय बदललं

मूळचा बेत दुर्बिणीने ऑपरेशन करण्याचा होता. त्यात पोटात हवा भरतात आणि बहुधा पूर्ण भूल लागते. तोंड २२ मिलिमीटर उघडणाऱ्या माणसाला लहान रुग्णालयात पूर्ण भूल देणं शहाणपणाचं नव्हतं. सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांनी बेत बदलला : छेद देऊन, जांघेतल्या नसा बधिर करून जाळी बसवायची. मणक्यातल्या इंजेक्शनचाही पर्याय होता, पण तो कधी अपुरा पडतो आणि मग पूर्ण भूल द्यायची वेळ येते. म्हणून ऑपरेशन कुठल्याही पद्धतीने झालं तरी ते वाकणारी दुर्बीण आणि ती वापरणारे डॉक्टर जिथे आहेत अशाच ठिकाणी करायचं ठरलं. मेडिकलसारख्या मोठ्या रुग्णालयात किंवा शहरातल्या मोठ्या खासगी रुग्णालयात ही सोय असते. वेदनेसाठी डायक्लोफेनॅक टाळलं. त्याच संध्याकाळी लघवी नीट झाल्यावर, चालून दाखवल्यावर आणि पोटात अन्न टिकल्यावर त्यांना घरी सोडायचं ठरलं.

फॉर्मच्या तळाशी आणखी एक ओळ असते : सोबत कोण? तिथे १८ वर्षांवरच्या, रात्रभर घरी थांबणाऱ्या माणसाचं नाव आणि फोन नंबर लिहायचा. भूल किंवा गुंगीचं औषध दिलेल्या पेशंटने २४ तास गाडी चालवायची नाही, व्यवहाराच्या कागदावर सही करायची नाही. ऑटोत एकट्याने बसून परतायचं नाही. आणि तपासणीनंतर ऑपरेशनच्या दिवसापर्यंत ताप, कफाचा खोकला, नवी गोळी असं काही घडलं, तर आदल्या दिवशीच फोन करून कळवायचं, म्हणजे भूलतज्ज्ञ फॉर्मवर नवी नोंद करून तारीख घालतील.

घरी जाताना या फॉर्मची प्रत मागून घ्या, आणि भुलेत काय घडलं तेही त्यावर लिहून घ्या. “तोंड २२ मिमी, नाकावाटे जागेपणी नळी लागेल”, “डायक्लोफेनॅकने ओठ सुजतो” या दोन ओळी कार्डावर लिहून आधार कार्डाच्या मागे ठेवा आणि घरच्या एकाला दाखवून ठेवा. पुढचं ऑपरेशन अपघातानंतर रात्री दोनला असू शकतं, तेव्हा बोलायला तुम्ही शुद्धीवर असाल असं नाही. आणि एक-दोनच बोटं जाणाऱ्यांनी हर्नियाच्या टाक्यांसोबत तोंडाचंही बघावं. मेडिकलच्या आवारातल्या शासकीय दंत महाविद्यालयात दाखवा. खर्रा बंद केला तर आकुंचन वाढायचं थांबू शकतं, आणि व्यायामाने व उपचाराने काही मिलिमीटर परत मिळू शकतात. त्या वेळचा नवा आकडाही कार्डावर तारखेसह लिहून घ्या.